मुक्त प्रश्नावर आधारित पाठ टाचण (प्रज्ञावंत विद्यार्थी)

वर्गाच्या आधी गणिते संपवणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच जातीची जादा गणिते न देता, त्याच घटकातला एक मुक्त प्रश्न सोपवणारे पाठनियोजन. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शाळांत अशा मुलांपुढे सहसा शिष्यवृत्तीची सरावपत्रिका येते. तिने वेग वाढतो, पण घटक होता तिथेच राहतो.

या पद्धतीला साजेसा प्रश्न ठाण्यातच शालेय शिक्षण घेतलेल्या द. रा. कापरेकरांकडून मिळतो. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर पुढे देवळालीला शिक्षक होते. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत गेले, की शेवटी ६१७४ येते. फक्त चारही अंक सारखे नसावेत.

सहावीच्या टाचणात मात्र सुरुवात तीन अंकी संख्येपासून करणे बरे, कारण तिची सिद्धता मुलांच्या आवाक्यात आहे. पहिल्या तासिकेत प्रत्येकाने आपल्या आवडीची संख्या घ्यावी. ३८१ घेतल्यास ८३१ − १३८ = ६९३, मग ९६३ − ३६९ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५; पुढे ४९५च येत राहते. शिक्षकाने ही संख्या आधी सांगितली, तर पाठ तिथेच संपतो. चार-पाच उदाहरणांनंतर वजाबाक्या थांबवून विचारावे: अंक क्रमाने लिहिल्यावर मध्ये येणारा अंक, तो मधलाच राहील असा बदलला, तर उत्तर बदलते का?

बदलत नाही, आणि पाठाचा गाभा इथेच आहे. मधला अंक दोन्ही संख्यांत दशकस्थानीच असल्याने वजाबाकीत नाहीसा होतो. उरते ती मोठ्या व लहान अंकांतील फरकाची ९९ पट. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर ०९९, १९८, २९७ अशी ८९१पर्यंत नऊच उत्तरे शक्य आहेत. ती नऊ तपासली की तिन्ही अंक सारखे नसलेल्या सगळ्या तीन अंकी संख्यांचा निकाल लागतो. हे मुलाला स्वतः सापडायला दुसरी तासिका मोकळी ठेवावी लागते.

नेहमीची चूक शून्याची. २११ − ११२ = ९९ आल्यावर ते ०९९ असे न लिहिल्यास पुढची वजाबाकी शून्यावर येते आणि मूल नियमच खोटा ठरवते. ही तक्रार खोडू नये; तीन घरे राखायची का, हे त्यालाच ठरवू द्यावे.

पाठ फसल्याचे वहीवरून कळते. पानभर वजाबाक्या आहेत, पण ‘कारण’ने सुरू होणारे एकही वाक्य नाही, तर ती पुन्हा सरावपत्रिकाच झाली.

पुढच्या वाटा मुलांनी निवडाव्यात. दोन अंकी संख्या ०९, ८१, ६३, २७, ४५ या फेऱ्यात अडकतात. चार अंकींत दोन फरक लक्षात घ्यावे लागतात आणि तपासणी ५४ जोड्यांवर जाते. ती गटात वाटून घेता येते. पाच अंकी संख्यांना असा एकच मुक्काम नाही.