एंगेजमेंट लेटर (लेखापरीक्षण) : धरमतर खाडीवरील कोळसा व्यापारी कंपनीच्या संदर्भात

लेखापरीक्षण स्वीकारण्यापूर्वी ऑडिटर आणि कंपनी यांच्यात ठरलेल्या अटींचे पत्र. भारतात त्याचे नियम इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या ‘एसए २१०’ या मानकात आहेत. कंपनी कायदा, २०१३ अन्वये ऑडिटरची कर्तव्ये आधीच ठरलेली असल्याने हे पत्र निव्वळ औपचारिक आहे, असे लहान फर्मांमध्ये बऱ्याचदा धरले जाते. ते बरोबर नाही. व्यवस्थापनाने आपली जबाबदारी लेखी मान्य करावी, ही अट कायद्याने नेमलेल्या ऑडिटमध्येही सुटत नाही.

ही जबाबदारी तीन गोष्टींची असते : आर्थिक पत्रके तयार करणे, त्यांत चूक वा लबाडी शिरू नये इतके अंतर्गत नियंत्रण ठेवणे, आणि ऑडिटरला कागद, माणसे व जागा यांपर्यंत आडकाठीशिवाय पोहोचू देणे. यांपैकी एकीलाही नकार मिळाला तर, कायद्याची सक्ती नसल्यास, काम घेऊ नये. कसोटी बहुधा तिसऱ्या गोष्टीवर लागते.

अंबा नदीच्या मुखाकडील धरमतर खाडीत डोलवी येथे बंदर आहे. मुंबईच्या समुद्रात नांगरलेल्या मोठ्या जहाजांतून माल बार्जमध्ये उतरवून या खाडीत आणला जातो. समजा, येथे कोळशाचा व्यापार करणाऱ्या एका खासगी कंपनीने सप्टेंबरच्या वार्षिक सभेत पेणची एक फर्म नेमली. मागच्या ३१ मार्चला माल मोजला तेव्हा ही फर्म हजर नव्हती. ‘एसए ५१०’प्रमाणे आरंभीच्या शिलकेचा पुरावा तिला मिळवावाच लागतो. म्हणून पत्रात स्पष्ट लिहावे, की जुन्या मोजणीचे तक्ते, बार्जच्या पावत्या आणि एप्रिलपासूनची आवक-जावक कंपनी देईल. त्यांवरून मागे जाऊन शिल्लक जुळली नाही, तर नफा-तोट्यावरील अभिप्राय सशर्त येऊ शकतो. हे मार्चनंतर सांगितले की भांडण होते.

वर्षअखेरच्या मोजणीसाठी अट अधिक नेमकी हवी. कोळशाचा ढीग काट्यावर चढत नाही. सर्वेक्षक त्याचे आकारमान काढतो आणि घनतेने गुणतो. आकारमान १२,००० घनमीटर असेल, तर ०.८० घनतेने ९,६०० टन होतात आणि ०.८५ ने १०,२००. टनाचा भाव ८,००० रुपये धरला, तर नुसत्या घनतेच्या आकड्याने ४८ लाखांचा फरक पडतो. म्हणून घनतेची चाचणी कोण करणार, नमुने ढिगाच्या कोणत्या भागांतून घेणार, ओलाव्याची वजावट कशी धरणार आणि ऑडिटरचा माणूस त्या वेळी उभा राहील की नाही, हे आधी ठरवावे. गैरसोय वा खर्च ही हजर न राहण्याची सबब ‘एसए ५०१’ला मान्य नाही. माल बंदरचालकाच्या ताब्यात असल्यास त्याच्याकडून थेट ऑडिटरला लेखी पुष्टी यावी. कंपनीमार्फत आलेल्या प्रतीवर भागवू नये. वर्षअखेरच्या रात्री भरतीची वाट पाहत खाडीत थांबलेला बार्ज कोणाच्या शिलकेत धरायचा, याचे उत्तर खरेदीकरारात सापडते. तो करार दाखवण्याचे बंधनही पत्रात घालावे.

दुसरी कळीची बाब हिशेब लिहिण्याची. तालुक्याच्या गावात वह्या लिहिणारे आणि त्या तपासणारे कार्यालय एकच असावे, अशी मालकांची अपेक्षा असते. कंपनीच्या ऑडिटरला कलम १४४ने हिशेबलेखन वर्ज्य केले आहे. पत्रके कंपनीचा माणूस कोणत्या तारखेपर्यंत बनवून देईल, हे लिहून घेतले नाही तर शेवटी ते काम फर्मच्या आर्टिकल क्लार्कच्या गळ्यात पडते, आणि स्वातंत्र्य गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. जीएसटीची वा प्राप्तिकराची कामे घेतल्यास त्यांचे पत्र वेगळे करावे.

शुल्क सर्वसाधारण सभेत किंवा तिने ठरवलेल्या रीतीने निश्चित होते; नफ्याच्या टक्केवारीवर ते बांधता येत नाही. प्रवासखर्च आणि सर्वेक्षकाचे बिल कोणी भरायचे, एवढे पत्रात यावे. ऑडिटची कागदपत्रे ऑडिटरच्या मालकीची असतात आणि पीअर रिव्ह्यूमध्ये ती दाखवली जाऊ शकतात, हेही कळवावे.

पत्रावर सही होण्यापूर्वी मागील ऑडिटरला लेखी कळवणे चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, १९४९च्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे बंधनकारक आहे. बोलीभाषेत याला ‘एनओसी’ म्हणतात, पण परवानगी लागत नाही. त्याने काम का सोडले, हे विचारण्याची ती संधी असते. त्याचे वाद नसलेले शुल्क थकलेले असेल, तर सामान्यतः काम स्वीकारता येत नाही.

हे पत्र दरवर्षी नव्याने करावेच असे नाही. मालकी किंवा वरिष्ठ व्यवस्थापन बदलले, धंद्याचे स्वरूप पालटले, किंवा कंपनीचा अटींबाबत गैरसमज दिसला, तर मात्र ते पुन्हा लिहावे.