ई.जी., आय.ई. आणि ईटीसी : अर्ज-करारात कोणते कुठे वापरायचे?

सरकारी अर्ज, भाडेकरार, बँकेची पत्रे यांत ई.जी., आय.ई. आणि ईटीसी ही इंग्रजी अक्षरे हमखास दिसतात. तिन्ही मूळची लॅटिन. यातली पहिली दोन अनेकजण एकाच अर्थाने वापरतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

ई.जी. म्हणजे एक्झेम्प्ली ग्रातिया, आपल्या भाषेत ‘उदाहरणार्थ’. आय.ई. म्हणजे इद एस्त, ‘म्हणजेच’. ई.जी.नंतर येतात ते फक्त नमुने, यादी खुली राहते. आय.ई.नंतर येतो तो पूर्ण अर्थ, तिथे यादी बंद होते.

समजा, अर्जात लिहिले आहे : ‘रहिवासाचा एक पुरावा जोडावा, ई.जी. रेशन कार्ड, वीजबिल.’ भाड्याने राहणाऱ्याचे वीजबिल घरमालकाच्या नावावर असते आणि रेशन कार्ड गावाकडे. तरी तो नोंदणीकृत भाडेकरार पुढे करू शकतो, कारण ती दोन नावे केवळ उदाहरणे आहेत. त्याच जागी आय.ई. असेल, तर त्या दोनच कागदांपैकी एक हवा. अक्षरे दोन बदलली, पण अर्ज अडकला.

ओळखायचे कसे?

शंका आली की त्या जागी मराठी शब्द घालून वाक्य वाचावे. ‘उदाहरणार्थ’ बसला तर ई.जी., ‘म्हणजेच’ बसला तर आय.ई. ‘एका वर्षाचे भाडे, म्हणजेच १,२०,००० रुपये’ इथे दुसरी रक्कम असूच शकत नाही, म्हणून आय.ई. बरोबर.

ईटीसीचे काय?

एट सेतेरा म्हणजे ‘आणि बाकीचे’, आपले वगैरे, इत्यादी. ‘एट’मध्येच ‘आणि’ आहे, त्यामुळे ‘अँड ईटीसी’ लिहिणे चूक. ई.जी.ने सुरू केलेल्या यादीच्या शेवटीही ते नको. नमुनेच आहेत हे आधीच सांगून झालेले असते. माणसांच्या नावांनंतर ईटीसी लिहीत नाहीत. तिथे एट अल., म्हणजे ‘आणि इतर’. संशोधन लेखांत सहलेखकांसाठी तेच वापरतात.

ईटीसी शोभते ते एकाच जातीच्या वस्तूंच्या यादीत, जिथे पुढचे काय हे वाचणाऱ्याला आपोआप कळते. ‘पेन, पेन्सिल, ईटीसी’ ठीक. पण भाडेकरारात ‘पाणी, देखभाल, ईटीसी खर्च भाडेकरूचा’ असे लिहिले, की घरपट्टी कोणी भरायची यावरून वाद ठरलेला. मालक म्हणणार तीही त्यात आली, भाडेकरू म्हणणार पाणी-देखभालीसारखा तो खर्चच नव्हे.

अशा ठिकाणी सगळी नावे लिहून काढावीत. सरकारी पत्रांत दिसणारे व्हिझ. त्यासाठीच असते. व्हिडेलिसेत या शब्दाचे ते लघुरूप, अर्थ ‘पुढीलप्रमाणे’. त्यानंतर पूर्ण यादी द्यायची आणि शेवटी ईटीसी जोडायचे नाही. सही करण्याआधी करारात ईटीसी दिसले, तर ते खोडून तिथे नेमके काय हे लिहून घ्यावे, आणि खाडाखोडीशेजारी दोघांनीही सही करावी.