विटेच्या भिंतीची भारक्षमता : जाडीच्या नियमाकडून तनुतेच्या विचाराकडे

भारवाहक भिंतीसंबंधी पूर्वीच्या गवंड्याचा मुख्य प्रश्न एकच असे : भिंत किती जाड घ्यावी? या प्रश्नाचे उत्तर देणारे ठोकळ नियम अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रचारात होते. त्यांतील रूढ हिशेब असा की, सर्वांत वरच्या मजल्याची भिंत १२ इंच धरावी व खाली उतरताना दर मजल्यास ४ इंच वाढवावीत. शिकागो येथील १८९१ साली पूर्ण झालेली सोळामजली मोनॅडनॉक इमारत हे या विचारसरणीचे टोकाचे उदाहरण होय. बर्नहॅम आणि रूट यांच्या या वास्तूच्या तळमजल्याच्या भिंती ६ फूट, म्हणजे नेमक्या ७२ इंच जाड आहेत. दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, तिचा दक्षिणेकडील भाग वाढविण्यात आला, तेव्हा तेथे पोलादी सांगाड्याचा आश्रय घेतला गेला. विटेची भारवाहक भिंत आता उंच जाऊ शकणार नाही, असाच या घटनेचा अर्थ पुढे कित्येक वर्षे लावला गेला.

परंतु हा अर्थ अपुरा होता. जाडीचा नियम मजले मोजत असे; भार भिंतीच्या जाडीत नेमका कोठे पडतो आणि भिंत दोन आधारांच्या मध्ये किती उंच मोकळी आहे, हे तो विचारीत नसे. हे दोन प्रश्न विचारले जाऊ लागल्यावर विटेच्या भिंतीचा इतिहास पालटला. १९५० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पाउल हालर यांनी विटांच्या भिंतींवर विस्तृत चाचण्या केल्या आणि तुलनेने पातळ भिंतींवर बहुमजली निवासी इमारती उभ्या राहिल्या.

पहिल्या प्रश्नातून उत्केंद्रतेची, तर दुसऱ्यातून तनुतेची कल्पना निघते. तनुता म्हणजे भिंतीची परिणामी उंची भागिले तिची जाडी. भार जाडीच्या मध्यापासून जितका दूर, तितकी उत्केंद्रता अधिक. ती जाडीच्या सहाव्या भागाइतकी झाली की भाराकडील कडेवरचा ताण सरासरीच्या दुप्पट होतो आणि विरुद्ध कडेवर तो शून्यावर येतो. याहून पुढे गेल्यास त्या कडेवर ओढ निर्माण होते. आणि चुन्याचा वा सिमेंटचा सांधा ओढ फारशी सोशीत नाही.

भारतीय मानक आय.एस. १९०५ च्या १९८७ सालच्या आवृत्तीतील कोष्टकांवरून एक उदाहरण पाहू. विटेची ताकद ७.५ न्यूटन प्रति चौ. मि.मी. आणि मसाला एकास सहा सिमेंट-वाळूचा धरल्यास मूळ अनुज्ञेय ताण ०.५९ येतो. मजल्याची उंची ३ मीटर आणि वर-खाली काँक्रीटची लादी असेल, तर परिणामी उंची तिच्या पाऊणपट, म्हणजे २.२५ मीटर. भिंत २३ सें.मी. असल्यास तनुता सुमारे १० व घटगुणक ०.८९, म्हणून भार मध्यावर असताना दर मीटर लांबीस सुमारे १२१ किलोन्यूटन भार चालतो. हाच भार जाडीच्या सहाव्या भागाइतका सरकला, तर घटगुणक ०.८५ होतो. अशा वेळी कडेच्या ताणास मिळणारी २५ टक्के सवलत धरूनही क्षमता ७२ वर उतरते.

आता भिंत अर्ध्या विटेची, ११.५ सें.मी., करू. तनुता २० च्या आसपास जाते. मध्यावरील भारास क्षमता सुमारे ४२, आणि तितक्याच प्रमाणात सरकलेल्या भारास केवळ २० किलोन्यूटन उरते. जाडी निम्मी झाली, पण क्षमता पहिल्या स्थितीत जवळजवळ एक-तृतीयांशावर आणि दुसऱ्या स्थितीत त्याहूनही खाली आली. तनुता आणि उत्केंद्रता एकमेकींचा परिणाम वाढवितात, हेच येथे दिसते. कारण वाकलेली भिंत भाराला आपल्या मध्यापासून आणखी दूर ढकलते.

व्यवहारातील धोका बहुधा नंतरच्या फेरफारांत असतो. जिन्यासाठी मधली लादी काढली, तर २३ सें.मी.च्या भिंतीची मोकळी उंची ६ मीटर होते आणि मध्यावरील भारासही क्षमता १२१ वरून सुमारे ८४ वर येते. भिंतीस मात्र कोणी हातही लावलेला नसतो. लादी भिंतीच्या केवळ एका कडेवर टेकविली, तरी उत्केंद्रता वाढते. याची खूण म्हणजे भाराच्या विरुद्ध अंगास आडव्या सांध्यात उमटणारी बारीक भेग, व ओळंबा सोडला असता मध्यावर आढळणारा फुगवटा. उभ्या भेगा मात्र निराळ्या असतात. निव्वळ दाबाने वीट फुटू लागल्याचे त्या सुचवितात.

मोनॅडनॉकच्या तळच्या भिंतीची तनुता इतकी कमी आहे की तिच्या बाबतीत हा घटगुणक लागूच पडत नाही. जाडीच्या नियमाने जे सुरक्षित केले, ते केवळ वस्तुमानाच्या बळावर. पातळ भिंतीस ते बळ नसते; म्हणून तिची सुरक्षितता लादीच्या आधारावर आणि भाराच्या जागेवर अवलंबून राहते. अशा इमारतीत एखादी लादी काढणे हे भिंतच बदलण्यासारखे आहे.