लाराच्या चारशे धावा आणि लंडनचं सोनं

ब्रिटनमध्ये क्रिकेटच्या धावा शेअरसारख्या घेता येतात आणि विकताही येतात. या स्प्रेड बेटिंगचं कूळ सांगताना पुष्कळजण थेट शिकागोला जातात. तिथल्या चार्ल्स मॅकनील या गणिताच्या शिक्षकाने १९४०च्या दशकात ‘पॉइंट स्प्रेड’ काढला, असं मानतात. म्हणजे बलाढ्य संघ नुसता जिंकून भागत नाही, ठरलेल्या गुणफरकाने जिंकावा लागतो. नाव जुळलं म्हणून नातंही जुळवलं गेलं. मला ते पटत नाही. शिकागोच्या पैजेत अंदाज एका गुणाने चुको की चाळीस गुणांनी, लावले तेवढेच पैसे जातात. लंडनच्या पैजेत जितकी चूक मोठी तितका खड्डा खोल. हा स्वभाव कुणाकडून आला, हे शोधायला सोन्याकडे जावं लागतं.

१९७४ साली स्टुअर्ट व्हीलर यांनी लंडनमध्ये आयजी इंडेक्स ही कंपनी काढली. ‘आयजी’ म्हणजे इन्व्हेस्टर्स गोल्ड. परकीय चलनावरच्या निर्बंधांमुळे तेव्हा सामान्य ब्रिटिश माणसाला सोनं घेणं जिकिरीचं होतं. व्हीलर यांनी सोन्याऐवजी सोन्याच्या भावावर पैज देऊ केली. तोळाभरही सोनं हलवायचं नाही, भावातला फरक तेवढा चुकता करायचा. लंडनच्या शेअरबाजारातले जॉबर दोन आकडे बोलत, एक घेण्याचा आणि एक देण्याचा, आणि समोरचा तेजीवाला की मंदीवाला हे आधी विचारत नसत. तीच रीत इथे आली. १९९२मध्ये कॉम्प्टन हेलियर यांनी स्पोर्टिंग इंडेक्स सुरू केली आणि सोन्याच्या जागी धावा बसल्या. माझ्या मते क्रिकेटचा हा सौदा जॉबरचा वंशज आहे. शिकागोचा फार तर नावबंधू.

याचा पुरावा हिशेबातच सापडतो. २००४ची वेस्ट इंडीज-इंग्लंड कसोटी मालिका घेऊ. समजा, ब्रायन लाराच्या प्रत्येक डावाला ४५-५० असा भाव आहे. त्याच्या धावा जास्त होतील असं वाटलं तर ५०ला घ्यायच्या, कमी होतील असं वाटलं तर ४५ला विकायच्या. लावायचे धावेमागे १० पौंड. भाव खरे तर डावागणिक बदलतो, पण हिशेबासाठी तो स्थिर धरू.

पहिल्या तीन कसोटींत लाराने केल्या २३, ०, ०, ८, ३६ आणि ३३. सहाही डावांत विकणारा जिंकला आणि १७०० पौंड त्याच्या खिशात आले. यात नवल काही नाही. मोठ्या फलंदाजाची सरासरी मोजक्या प्रचंड खेळींनी फुगलेली असते, बहुतेक डाव तिच्या खालीच संपतात. त्यामुळे विकणारा वारंवार थोडं थोडं जिंकतो आणि आपल्याला खेळ कळला असं समजू लागतो.

मग आलं अँटिग्वा. पहिल्या दिवसअखेर लारा नाबाद ८६. तेव्हा भाव १२५-१३० असेल असं धरा. विकणाऱ्याने १३०ला खरेदी करून सौदा स्क्वेअर ऑफ केला असता तर ८५ धावांचे ८५० पौंड जाऊन तो सुटला असता. पण सहा वेळा जिंकलेला माणूस म्हणतो, उद्या सकाळी नव्या दमाची गोलंदाजी आहे, जाईल लवकर. दुसऱ्या दिवसअखेर लारा नाबाद ३१३. ठेव म्हणून खात्यात हजार पौंड ठेवलेले असतील तर ते केव्हाच संपलेले असतात. तिसऱ्या दिवशी लाराने नाबाद ४०० केल्या. चारशेतून पंचेचाळीस वजा, उरल्या ३५५ धावा, म्हणजे ३५५० पौंड. आधीची कमाई धरूनही १८५० पौंडांची खोट.

घेणाऱ्याचं दुःख मोजून-मापून असतं. लारा शून्यावर गेला तरी त्याचे डावाला ५०० पौंडच जातात, कारण धावा शून्याखाली जात नाहीत. वरच्या बाजूला मात्र छप्पर नाही. सात डावांत घेणाऱ्याला १५०० पौंड मिळाले. विकणाऱ्याने गमावलेल्यांतले उरलेले ३५० कंपनीला, दर डावाला पाच धावांच्या फटीतून.

इथे मुंबईकर म्हणेल, आमच्या सट्ट्यातही ‘सेशन’चा भाव दोन आकड्यांत निघतो, ४६-४८. खरं आहे. पण तिथे रक्कम ठरलेली असते, सहा षटकांत साठ झाल्या की नव्वद याने हार वाढत नाही. दोन आकडे आले, धावेमागचा हिशेब आला नाही.

दुसरा फरक कोर्टाचा. १८४५च्या गेमिंग अॅक्टप्रमाणे इंग्लंडमध्ये पैजेचं देणं वसूल करता येत नसे. पण १९८६च्या फायनान्शियल सर्व्हिसेस अॅक्टने फरकाच्या करारांना गुंतवणुकीत धरलं. शेअर निर्देशांकावर स्प्रेड बेट हरलेल्या एका ग्राहकाने ‘ही तर पैज’ म्हणून हात वर केले, तेव्हा १९९१ साली अपील न्यायालयाने त्याचं ऐकलं नाही. धावांचे सौदेही त्याच वित्तीय देखरेखीखाली आले. भारतीय करार कायद्याच्या कलम ३०नुसार पैजेचा करार आजही निरर्थक, त्यामुळे मुंबईचा बुकी उधारीसाठी कोर्टाची पायरी चढू शकत नाही. लंडनची कंपनी त्याच ३५५ धावांचा दावा लावू शकते.