‘हें नव्हे, तें’ : एका वाक्यरीतीची पूर्वपीठिका

व्याख्यानांतून, मृत्युलेखांतून आणि ग्रंथांच्या प्रस्तावनांतून एक वाक्यरीति आपल्या इतकी ओळखीची झाली आहे कीं, तिचा पूर्वार्ध कानीं पडतांच उत्तरार्ध आपणच मनांत म्हणून टाकतों. अमुक गृहस्थ म्हणजे व्यक्ति नव्हे, एक संस्था. अमुक पुस्तक म्हणजे केवळ पुस्तक नसून समाजाचा आरसा. या रीतीस कंटाळलेले रसिक तिचें खापर बहुधा इंग्रजीच्या माथीं फोडतात. ‘केवळ’ आणि ‘नव्हे तर’ यांची जोडी भाषांतरांच्या संगतीनें बळावली असेल. पण एकाचा निषेध करून दुसऱ्याची स्थापना करण्याची रीति आपल्याकडे फार जुनी आहे. साहित्यशास्त्रकारांनीं तिला नांवें दिलीं, तिचे पोटभेद पाडले. त्यांच्याहि आधीं, काव्याशीं कांहीं देणेंघेणें नसलेल्या एका शास्त्रानें निषेध केव्हां सार्थ होतो आणि केव्हां पोकळ ठरतो, याचा कसून विचार करून ठेवला होता. तें शास्त्र म्हणजे पूर्वमीमांसा. आम्ही प्रथम तिकडे वळतों.

यज्ञासाठीं अग्नीची वेदी रचण्यासंबंधीं एक वेदवाक्य असें सांगतें कीं, अग्नीचें चयन पृथ्वीवर करूं नये, अंतरिक्षांत करूं नये आणि द्युलोकांतहि करूं नये. जैमिनीच्या सूत्रांतील पूर्वपक्षी येथें मोठी मार्मिक शंका काढतो. पृथ्वीवर करूं नये हें एक वेळ समजूं. पण अंतरिक्षांत विटा रचावयास कोण निघाला होता, म्हणून त्याला अडवावें? जें घडण्याचा संभवच नाहीं त्याचा निषेध म्हणजे निव्वळ बडबड होय. विहिरीच्या कठड्यावर ‘येथें कपडे धुऊं नयेत’ अशी पाटी लावली तर ती कांहीं तरी सांगते. ‘येथें जहाज नांगरूं नये’ अशी लावली तर गांव हंसेल. शास्त्रकार ज्याला ‘प्रसक्ति’ म्हणतात ती हीच : जी गोष्ट स्वभावतः प्राप्त होत आहे, कोणाच्या तरी मनांत आली आहे, तिचाच निषेध करतां येतो. सिद्धान्ती या शंकेला उत्तर देतो तें तितकेंच बोधक आहे. तो म्हणतो कीं, हा निषेध निषेधासाठीं नाहींच. सुवर्णाचा तुकडा ठेवून त्यावर चयन करावें, हा खरा विधि पुढें आहे आणि हीं ‘न’कारयुक्त वाक्यें त्याची स्तुति करण्यासाठीं आलीं आहेत. म्हणजे प्रसक्ति नसलेला नकार अर्थाच्या दृष्टीनें कांहीं काढून टाकीत नाहीं. तो फक्त पुढच्या गोष्टीचा गौरव करतो. आजच्या प्रस्तावनांतील ‘केवळ पुस्तक नसून’ याचें याहून नेमकें वर्णन आम्हांला सुचत नाहीं.

मीमांसकांची दुसरी देणगी म्हणजे ‘परिसंख्या’ हा शब्द. पांच पंचनखी प्राणी भक्ष्य होत, असें एक स्मृतिवचन आहे. वरवर पाहतां ही अनुज्ञा दिसते. पण मांस खाणाऱ्याला भुकेनें सर्वच प्राणी प्राप्त आहेत. त्याला खाण्याची अनुज्ञा कशाला हवी? तेव्हां वाक्याचा रोख वेगळा आहे : या पांचांखेरीज इतर पंचनखी खाऊं नयेत. बोललें एक, सांगितलें दुसरें. असा अर्थ लावतांना तीन दोष पदरीं येतात, असें मीमांसक स्वतःच कबूल करतात. शब्दांनीं जें सांगितलें तें सोडावें लागतें, जें सांगितलें नाहीं तें कल्पावें लागतें आणि जें आपोआप प्राप्त होतें तें बाधित करावें लागतें. म्हणून अन्य गति असेल तेथें परिसंख्या मानूं नये, असा त्यांचा दंडक. एवढा महागडा व्यवहार अडल्याखेरीज कोणी करीत नसतो.

कवींनीं मात्र हा महागडा माल हौसेनें घेतला. अलंकार म्हणून परिसंख्येची नोंद 9व्या शतकांत रुद्रटानें केली. 11व्या शतकांत मम्मटानें तिचे चार प्रकार सांगितले : प्रश्न विचारून किंवा न विचारतां, आणि वगळलेली गोष्ट उघड बोलून किंवा नुसती सूचित ठेवून. तिची सख्खी बहीण अपह्नुति. हें मुख नव्हे, चंद्र होय, अशा घाटाची. तिच्याविषयीं भामहाचा एकच शब्द पुरेसा आहे. अपह्नुतीच्या पोटांत उपमा दडलेली असते, असें तो म्हणतो. नाकारलेली वस्तु आणि स्थापिलेली वस्तु यांत कांहीं साम्य असावें लागतें, नाहीं तर ‘हें मुख नव्हे, पंचांग होय’ यालाहि अलंकार म्हणावें लागेल. दंडीनें तर हें वाक्य दोन्ही दिशांनीं फिरवून पाहिलें आहे : मुखाला नाकारून कमळ स्थापिलें, तसें कमळाला नाकारून मुखहि स्थापिलें. पुढें अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदांत अपह्नुतीचे सहा भेद झाले. भेद वाढले कीं रीति रुळली असें समजावें, इतकेंच त्यावर म्हणून आम्ही पुढें जातों.

या रीतीचें सर्वांत मोठें यश आणि तिच्या अधःपाताचें बीज हीं दोन्हीं आम्हांस एकाच ग्रंथांत दिसतात. तो ग्रंथ म्हणजे बाणभट्टाची कादंबरी. बाण हर्षवर्धनाच्या पदरचा. हर्षाचा राज्यकाळ 606 ते 647. ग्रंथाच्या आरंभींच शूद्रक राजाचें वर्णन आहे. त्याच्या राज्यांत वर्णसंकर चित्रकामांत, दंड छत्रांना, कंप ध्वजांत, अशी एक लांबलचक मालिका बाणानें रचली आहे. नकार कोठेंहि उच्चारलेला नाहीं. प्रजेंत तो दोष नव्हता, हें वाचकानें समजावयाचें. शब्द द्व्यर्थी, आणि प्रत्येक वेळीं वाईट अर्थ गळून निरुपद्रवी अर्थ हातीं राहतो. हें चतुर आहे, पण कोणत्याहि राजाला बसेल. शूद्रकाच्या जागीं दुसरें नांव घातलें तर एकहि शब्द बदलावा लागणार नाहीं.

आतां जाबालि ऋषींच्या आश्रमाचें वर्णन पाहा. तेथें मालिन्य होमाच्या धुरांत आहे, चरित्रांत नाहीं. मुखाचा रंग पोपटांच्या ठायीं आहे, क्रोधांत नाहीं. तीक्ष्णता दर्भाच्या अग्रांत आहे, स्वभावांत नाहीं. येथें नकार उघड बोलला आहे. कांहीं वेळ असें चालल्यावर, वाचकाच्या कानाला ताल लागला असें पाहून, बाण नकार गाळून टाकतो. शकुनिवध महाभारतांत आहे, एवढेंच तो म्हणतो. ‘शकुनि’ म्हणजे दुर्योधनाचा मामा आणि शकुनि म्हणजे पक्षीहि. वयपरत्वें होणारें द्विजांचें पतन आहे. ‘द्विज’ म्हणजे दांत आणि द्विज म्हणजे ब्राह्मणहि. उरलेला नकार वाचकाच्या ओठीं आपसूक येतो. नकार कोठवर बोलावा आणि कोठें गिळावा, याचा हा धडा आहे.

परंतु या जागेचें बळ केवळ कारागिरीचें असतें तर आम्हीं तिच्यापाशीं इतके थांबलों नसतों. हें वर्णन कोण करतो? वैशंपायन नांवाचा पोपट. आश्रमांत तो कसा आला? शाल्मलीच्या जुन्या वृक्षावर त्याचें घरटें होतें. एका म्हाताऱ्या शबरानें वर चढून पोपटांना एकामागून एक मारिलें, त्यांत त्याचा बापहि मारिला गेला. पंख न फुटलेलें हें पिलूं वाळलेल्या पानांच्या राशींत पडून वांचलें, तहानेनें व्याकुळ झालें, आणि जाबालींचा पुत्र हारीत यानें त्याला उचलून आश्रमांत आणलें. त्या पिलाच्या तोंडून आपण ऐकतों कीं, येथें शकुनिवध महाभारतांत होता. प्रसक्ति म्हणतात ती ही. पक्ष्यांची हत्या ही त्याच्या मनांत नुसती संभवनीय नव्हती. ती त्याच सकाळीं डोळ्यांसमोर झाली होती. वाचकानेंहि ती कांहीं पानांपूर्वीं वाचली आहे. म्हणून तो श्लेष हंसवतां हंसवतां घशांत अडकतो. टीकाकार येथें श्लेष समजावून पुढें जातात, आणि बापाच्या मरणाशीं असलेला त्याचा धागा बहुतेक वाचकांच्या नजरेंतून निसटतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

बाणाच्या मागून आलेल्यांनीं शूद्रकाची मालिका उचलली. ती उचलण्यास सोपी होती. दंड, बंध, भंग, संकर हे शब्द एकदां हातीं आले कीं नगर कोणतेंहि असो, राजा कोणताहि असो, दंड छत्रालाच आणि भंग लाटांचाच. चंपूंत व प्रशस्तिवजा लेखनांत असें वर्णन येऊं लागलें कीं वाचणारा पहिल्या शब्दावरच दुसरा ओळखतो. झिजल्याची खूण नेमकी हीच. पूर्वार्धाचें काम मनांत एक अपेक्षा उभी करणें आणि उत्तरार्धाचें काम ती मोडणें. पण जेथें मोडणेंच अपेक्षित झालें तेथें मोडावयाला कांहीं उरत नाहीं. शूद्रकाच्या प्रजेंत वर्णसंकर असेल अशी शंका तरी कोणाला आली होती? जहाज नांगरूं नये म्हणणारी पाटी ती हीच.

मराठीला या कामासाठीं एक अवजार स्वभावतःच लाभलें आहे. ‘येथें राम नाहीं’ म्हटलें कीं रामाचें असणें नाकारलें जातें; ‘हा राम नव्हे’ म्हटलें कीं ओळख नाकारली जाते. ‘नव्हे’ उच्चारतांच ऐकणारा विचारतो, मग कोण? उत्तरार्धाची भूक त्या एका शब्दांतच आहे. शिवाय बोलतां बोलतां स्वतःलाच दुरुस्त करण्याचें ‘नव्हे’ निराळें : ‘शंभर माणसें जमलीं, नव्हे, दोनशें.’ येथें पहिला आंकडा ऐकणाऱ्याच्या मनांत आम्हींच घातला आणि आम्हींच काढला. लेखणीला हें फार सोयीचें पडतें, कारण प्रसक्ति घरची घरींच तयार होते. पण पानावर दोनदां ‘नव्हे’ आलें कीं तिसऱ्या वेळीं वाचक आंकडा लक्षांतच घेत नाहीं. तो दुरुस्तीची वाट पाहत बसतो.

मृत्युलेखांतलें नेहमींचें एक वाक्य घेऊन पाहूं : ‘त्यांच्या निधनानें एका कुटुंबाची नव्हे, साऱ्या गांवाची हानि झाली.’ हें वाक्य नगराध्यक्षाविषयीं लिहिलें तर नकार वायां गेला. नगराध्यक्षाचें जाणें ही घरच्यांपुरती गोष्ट आहे असें कोणी मानलेंच नव्हतें. त्याच्या नांवानें बाजार बंद होता. तेंच वाक्य गांवच्या म्हाताऱ्या सुईणीविषयीं लिहिलें तर वाचणारा क्षणभर थांबेल. जिला कोणत्या सभेंत कोणी पाहिलें नाहीं, तिचें मरण हें तिच्या दोन खोल्यांच्या घरांतलें दुःख, असेंच बहुतेकांनीं धरलें होतें. तो समज खरा होता म्हणून त्याला धक्का बसतो. तरीहि जाणता लेखक येथें बाणासारखा नकार गिळील असें आम्हांस वाटतें. ती गेली त्या रात्रीं गांवांत कोणाची वेळ भरली, आणि कंदील घेऊन निघालेला माणूस सवयीनें तिच्याच दाराशीं जाऊन उभा राहिला, एवढें लिहून तो थांबेल.