‘दुरुस्त’ की ‘बदललं’? चेंजलॉगच्या तीन मथळ्यांची गोष्ट

प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की सोबत एक टिपण येतं: नवीन काय, दुरुस्त काय, बदललं काय. आज हे तीन मथळे आपल्याला इतके सवयीचे आहेत, की ते पहिल्यापासून असेच असतील असं वाटतं. पण तसं नाही. सुरुवातीच्या नोंदींची विभागणी वेगळीच होती, आणि ती नोंद या तीन खणांत बसवताना जी अडचण येते, तिच्याबद्दल आज बोलायचं आहे.

सुरुवात करू ग्नू प्रकल्पापासून. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये तो जाहीर केला. या प्रकल्पातल्या प्रोग्रामांबरोबर `ChangeLog` नावाची एक साधी मजकुराची फाइल असायची. तिची रीत ठरलेली होती. वर तारीख आणि बदल करणाऱ्याचं नाव, खाली तारांकित ओळी. प्रत्येक ओळीत आधी फाइलचं नाव, कंसात फंक्शनचं नाव, मग काय केलं ते. सगळ्यात ताजी नोंद सगळ्यात वर.

म्हणजे ही विभागणी होती ‘कधी’ आणि ‘कुठे’ यांवर. तेव्हा गिट नव्हतं, ते आलं 2005 मध्ये. एखादं फंक्शन बिघडलं तर त्याला शेवटचा हात कोणी लावला, हे शोधायला ही फाइल उपयोगी पडे. ती कारागिरांनी कारागिरांसाठी ठेवलेली वही होती.

मग वापरणाऱ्याने काय वाचायचं? त्यासाठी ग्नूच्या नियमांत दुसरी फाइल सांगितली आहे, `NEWS`. वापरणाऱ्याला दिसतील असे, सांगण्याजोगे बदल तिच्यात आवृत्तीनुसार लिहायचे. आजच्या रिलीज नोट्सची ही आजी म्हणायला हरकत नाही. एका वहीतून दुसरी वही माणसाने वाचून, समजून लिहायची. हे काम कंटाळवाणं असल्यामुळे अनेक प्रकल्पांत ते टळत गेलं. गिट आल्यावर तर नोंदींची यादी एका आज्ञेत मिळू लागली, आणि लोक ती तशीच रिलीज नोट्स म्हणून चिकटवू लागले. याला वैतागूनच ऑलिव्हिए लाकां यांनी 2014 मध्ये ‘कीप अ चेंजलॉग’ हा संकेत मांडला. त्यात आज सहा मथळे आहेत. त्यांपैकी `Added`, `Changed` आणि `Fixed` हे तीन रोज लागतात. उरलेले तीन जुन्या सोयी मोडीत काढणं, हटवणं आणि सुरक्षा यांसाठी.

आता प्रत्यक्ष करून बघू. समजा, ग्रंथालयातला उशिराचा दंड काढणारा एक छोटा प्रोग्राम आहे. त्याची नोंदवही अशी:

```
2024-03-06
  * csv.c: नवी फाइल.
  * fine.c (calc_days): सुट्टीचे दिवस वगळले.
  * util.c (trim): फंक्शनचे नाव बदलले.
2024-03-04
  * fine.c (calc_days): 29 फेब्रुवारी मोजला.
  * main.c (parse_args): --csv पर्याय वाचला.
```

पाच ओळी आहेत. पहिली आणि शेवटची ओळ वेगवेगळ्या दिवसांच्या, वेगवेगळ्या फाइलींच्या. पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने गोष्ट एकच: आता यादी सीएसव्हीमध्ये काढता येते. ही ‘नवीन’मधली एक ओळ. `trim` चं नाव बदललं, त्याचा बाहेर काहीच परिणाम नाही. ती ओळ गाळायची. ‘बदलले’ हा शब्द बघून तिला ‘बदललं’खाली टाकणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

उरल्या `calc_days` च्या दोन ओळी. फाइल तीच, फंक्शन तेच, आणि लिहिणाऱ्याच्या मते दोन्ही दुरुस्त्याच. इथे मी एक कसोटी लावतो: मागच्या आवृत्तीची माहितीपुस्तिका उघडायची. त्यात ‘उशिराचा प्रत्येक दिवस मोजला जातो’ असं लिहिलंय. 29 फेब्रुवारी मोजला जात नव्हता, म्हणजे प्रोग्राम दिलेला शब्द पाळत नव्हता. ही ‘दुरुस्ती’. पण सुट्ट्या वगळणं? पुस्तिकेप्रमाणे त्या मोजायच्याच होत्या. आता दिलेला शब्दच बदलला. हा ‘बदल’. पाचाच्या झाल्या तीन ओळी:

```
Added
- --csv: थकबाकीची यादी सीएसव्हीमध्ये मिळते.
Changed
- दंडात सुट्टीचे दिवस धरले जात नाहीत.
Fixed
- 29 फेब्रुवारी मोजला न जाणे.
```

फरक कुठे पडतो? ‘दुरुस्त’ हा मथळा वाचून माणूस निर्धास्त होतो, ‘बदललं’ वाचून थांबतो. सुट्ट्यांची ओळ ‘दुरुस्त’खाली गेली, तर ग्रंथपाल ती नजरेआड करील आणि महिनाअखेरीस दंडाची रक्कम का घटली म्हणून हिशेब तपासत बसेल.

पण ही कसोटीही सगळीकडे पुरत नाही. 2010 साली फेडोरा 14 या लिनक्स वितरणावर फ्लॅश प्लेयरमधला आवाज फाटका येऊ लागला. फ्लॅश तर तेच होतं. बदललं होतं ‘जीलिबसी’ या पायाभूत लायब्ररीतलं `memcpy`. स्मृतीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारं हे फंक्शन. काही प्रोसेसरांवर वेग मिळावा म्हणून ते आता शेवटाकडून सुरुवातीकडे नक्कल करू लागलं होतं. दोन जागा एकमेकींवर चढलेल्या नसतील तर दिशेने काही बिघडत नाही. चढलेल्या असतील तर `memcpy` काय करील याची हमी सी भाषेचं मानक देत नाही, अशा वेळी `memmove` वापरायचं असतं. फ्लॅशने ते पाळलं नव्हतं, आणि जुन्या दिशेमुळे ते चालून जात होतं.

आता सांगा, हे कोणत्या मथळ्याखाली? पुस्तिकेतला शब्द मोडलेला नाही. लिहिणाऱ्याच्या लेखी हा आतला वेगवाढीचा मामला, `trim` च्या नावासारखाच गाळण्याजोगा. पण ऐकणाऱ्याच्या कानाला बदल जाणवला. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी त्या चर्चेत वापरणाऱ्यांची बाजू घेतली. पुढे जीलिबसी 2.14 मध्ये `memcpy` ला वेगळी आवृत्तीखूण दिली गेली. जुने, आधीच बांधलेले प्रोग्राम सुरक्षित वर्तनाकडे वळवले गेले, नव्यांना नवं मिळालं.

म्हणून कसोटीला एक पुरवणी जोडायची: पुस्तिका गप्प असली, तरी लोक ज्याच्यावर विसंबून असू शकतात ते हललं, तर ते ‘बदललं’खाली लिहायचं. हे यंत्राला ठरवता येत नाही. हल्ली नोंदीच्या आधी `feat:` किंवा `fix:` लिहितात आणि त्यावरून यादी आपोआप बनते. सोय चांगली आहे, पण ती खूण काम करणाऱ्याने काम करताना लावलेली असते. `calc_days` च्या दोन्ही ओळींना त्याने `fix:` च लावलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या प्रोग्रामच्या टिपणात लागोपाठ चार-पाच आवृत्त्यांत ‘दुरुस्त’ची लांबलचक यादी दिसली आणि ‘बदललं’ हा मथळाच नसला, तर ‘दुरुस्त’मधली ओळ न् ओळ वाचा. बदल बहुधा तिथेच बसलेले असतात.