शून्याआधी दहा तास

मोठ्या आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म नळीसारखे लाखो खड्डे असतात. त्यातल्या एका खड्ड्याच्या तळाशी दोन पेशी एकमेकींना खेटून बसल्या आहेत. दोघीही मूळपेशी, त्यामुळे वरच्या पेशींसारख्या चार-पाच दिवसांत झडून जाणार नाहीत. दोघी एकाच मसुराएवढ्या पॉलिपमधल्या, आणि एपीसी नावाचं संरक्षक जनुक दोघींतही आधीच निकामी झालेलं. फरक फक्त एका अक्षराचा. डावीच्या केरास जनुकात बारावं त्रिकूट GGT असं आहे. उजवीच्या दोन प्रतींपैकी एकीत काल रात्री नक्कल करताना चूक झाली आणि तिथे GAT पडलं. दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेच्या नजरेतून ते सुटलं.

इथे शून्य म्हणजे कर्करोग नव्हे. आर्थर पार्डी यांनी १९७४ मध्ये पेशीच्या आयुष्यातला एक क्षण दाखवून दिला, ज्याला ‘रिस्ट्रिक्शन पॉइंट’ म्हणतात. त्याआधी वाढीचा निरोप थांबला तर पेशी मागे फिरते. तो ओलांडला की निरोप येवो न येवो, पेशी विभागतेच. घड्याळ त्या क्षणाकडे चाललं आहे. पुढच्या वेळा भांड्यात वाढवलेल्या पेशींवरच्या मोजमापांवरून धरल्या आहेत, प्रत्यक्ष आतड्यात त्या मागेपुढे होणारच.

१० तास बाकी

शेजारून ईजीएफ हे वाढीचं प्रथिन झिरपत येतं. त्रेपन्न अमिनो आम्लांचा हा एवढासा तुकडा, आणि मात्राही थोडीच. तो दोन्ही पेशींच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरांना चिकटतो. हा रिसेप्टर पेशीच्या आवरणातून आरपार गेलेला असतो: डोकं बाहेर, शेपूट आत. ईजीएफ बसलं की डोक्याची घडी उलगडते आणि दोन रिसेप्टर जोडीने उभे राहतात. आत त्यांची कायनेजं एकमेकांना टेकतात आणि एकाचं कायनेज दुसऱ्याला जागं करतं.

९ तास ५९ मिनिटं

जागं झालेलं कायनेज जोडीदाराच्या शेपटीवरच्या टायरोसिनांना फॉस्फेट लावतं. टायरोसिन कायनेज हे नाव त्यावरूनच पडलं. फॉस्फेट म्हणजे जणू शेपटीवर निघालेल्या खुंट्या. अशाच एका खुंटीला ग्रब-२ अडकतं, आणि त्याच्या हाताला धरून सॉस हे प्रथिन आवरणापाशी येतं. तिथे आतल्या बाजूला केरास जनुकाचं प्रथिन, रास, चिकटून बसलेलं आहे, जीडीपी पोटाशी धरून, म्हणजे बंद अवस्थेत. सॉस ती पकड सैल करतं आणि जीडीपी निसटतं. पेशीत जीटीपी जीडीपीच्या कितीतरी पट जास्त असतं, म्हणून रिकाम्या जागी जीटीपीच शिरतं. रास चालू झालं.

दोन्ही पेशींत इथवर सगळं सारखंच.

९ तास ५० मिनिटं

चालू रास राफला आवरणापाशी ओढून घेतं. राफ मेकला फॉस्फेट लावतं, मेक अर्कला. तीन कायनेजांची ही उतरंड ऐकायला साखळीसारखी वाटते, पण तिच्यात एक खुबी आहे. अर्क पुरतं जागं व्हायला त्याच्यावर शेजारशेजारी दोन फॉस्फेट लागतात, एक थ्रिओनिनवर आणि एक टायरोसिनवर. त्यामुळे फुसक्या, चुकून आलेल्या निरोपाला अर्क सहसा बधत नाही. दोन्ही फॉस्फेट घेतलेलं अर्क केंद्रकात शिरू लागतं.

९ तास ३० मिनिटं

केंद्रकात सी-फॉस जनुक जोरात वाचलं जात आहे. हे पेशीचं पहिलं, तातडीचं उत्तर. मात्र त्याचा आरएनए अल्पायुषी असतो. प्रथिन बनून यायला तासभर लागतो, आणि तेही टिकाऊ नसतं. या अल्पायुष्यामुळेच पेशीला वेळ मोजता येते.

९ तास

आता दोन पेशींच्या वाटा वेगळ्या होतात. कसं ते बघायला एका कोपऱ्यात शिरावं लागेल.

डाव्या पेशीत आवराआवर चालू झाली आहे. ईजीएफ संपलं. वापरलेले रिसेप्टर आवरणासकट आत ओढले गेले आहेत आणि त्यातले बरेच लायसोझोममध्ये मोडीत निघतील. अर्कनेच मागे वळून सॉसला फॉस्फेट लावलं आणि त्याची पकड सुटली. फॉस्फेट काढणारी एन्झाइमं अर्कवरचे फॉस्फेट खरवडत आहेत. आणि मुख्य म्हणजे रास बंद होत आहे.

रासला बंद होण्यासाठी जीटीपीचा शेवटचा फॉस्फेट तोडावा लागतो. एकट्याने हे काम करायला त्याला अर्धा तास किंवा जास्तही लागेल, असं ते मंद. म्हणून पेशीत गॅप प्रथिनं असतात. गॅप रासला भिडतं आणि आपलं एक आर्जिनिन बोटासारखं थेट जीटीपीच्या कप्प्यात खुपसतं. तोडण्याचा वेग त्याने सुमारे लाखपट होतो आणि काम सेकंदाच्या आत उरकतं. १९९७ मध्ये आल्फ्रेड विटिंगहोफर यांच्या गटाने या जोडगोळीची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्यात ते बोट कप्प्यात गेलेलं स्पष्ट दिसतं.

त्या बोटाच्या वाटेवरच बारावं अमिनो आम्ल आहे. डाव्या पेशीत तिथे ग्लायसिन आहे, वीस अमिनो आम्लांतलं सगळ्यांत छोटं. त्याची बाजूची साखळी म्हणजे एकटा हायड्रोजन, त्यामुळे बोटाला जागा मिळते. उजव्या पेशीत GAT मुळे तिथे ॲस्पार्टिक आम्ल आलं. काही अणूंचा तो फुगवटा, पण बोट नीट बसत नाही. गॅप येतं, रासला चिकटतंही, फक्त तोडणं होत नाही.

म्हणजे उजव्या पेशीतही रिसेप्टर मोडीत निघाले, सॉस सुटलं, वरच्या सगळ्यांनी आपापलं काम इमानाने बंद केलं. बदललेलं रास मात्र जीटीपी धरून बसलेलं आहे. ते एरवीपेक्षा मोठ्याने ओरडत नाही, गप्पच होत नाही एवढंच. याला ‘अतिक्रियाशील’ म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द दिशाभूल करणारा वाटतो, कारण बिघाड बटण लावण्यात नाही, ते काढण्यात आहे.

८ तास ४५ मिनिटं

सी-फॉसची प्रथिनं तयार होऊन केंद्रकात आली आहेत. डावीकडे अर्क विझत आलेलं असल्यामुळे त्यांना कुणी विचारत नाही आणि ती मोडली जातात. उजवीकडे अर्क अजून जागं आहे. ते सी-फॉसच्या टोकाला फॉस्फेट लावतं आणि त्यामुळे सी-फॉस टिकतं. पेशीला निरोप खरा की क्षणिक हे असं कळतं: पहिल्या हाकेने निर्माण झालेला माणूस दारात येईपर्यंत हाक चालू असेल, तरच त्याला आत घ्यायचं. शहाणी रीत आहे ही. GAT ने नेमकी तीच फसवली.

५ तास

टिकलेल्या सी-फॉसच्या मदतीने सायक्लिन डी-वन बनू लागलं आहे. तेही सतत मोडलं जाणारं प्रथिन असल्याने साठा वाढायला मागून पुरवठा हवा, आणि तो उजवीकडे आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी. उजव्या पेशीत अर्क भडकून पेटलंय असं चित्र मनात आलं असेल तर ते पुसावं. केरास बदललेल्या पेशींचा वेस्टर्न ब्लॉट करावा, फॉस्फेटवालं अर्क दाखवणारा, आणि फिल्मवर निरोगी पेशीइतकीच फिकट पट्टी यावी, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला आपला प्रयोग फसला असंच वाटतं. मी तर नमुने अदलाबदल झाले म्हणून पुन्हा सगळं चालवलं होतं. पण पेशी फॉस्फेट काढणारी एन्झाइमं वाढवून भडका दाबत असते. फरक पट्टीच्या जाडीपेक्षा काळात दिसतो: ईजीएफ काढून घेतल्यावर तासांनी कुणाची पट्टी उरते, ते बघायचं.

२ तास

सायक्लिन डी-वन सीडीके-४ आणि सीडीके-६ या कायनेजांशी जोडी जमवून आरबी प्रथिनाला फॉस्फेट लावत आहे. आरबी हा विभाजनाच्या जनुकांवर बसलेला पहारा. तो ढिला पडतो आहे. डावी पेशी विश्रांतीत परतली आहे.

शून्य

आरबीच्या पकडीतून ई-टू-एफ सुटतं. ते सायक्लिन ई बनवायला लावतं, सायक्लिन ईमुळे आरबीवर आणखी फॉस्फेट चढतात, आणि हे चक्र आता स्वतःच्या जोरावर फिरतं. बाहेर ईजीएफचा थेंबही नाही. उजवी पेशी पॉइंट ओलांडून गेली. काही तासांत डीएनएची नक्कल चालू होईल, आणि नकलेत GAT ही जाईल.

शून्यानंतर

एका विभाजनाने कर्करोग होत नाही. एपीसी शाबूत असलेल्या पेशीत हेच GAT पडलं असतं तर बहुधा छोटीशी, निरुपद्रवी वाढ होऊन प्रकरण तिथेच थांबलं असतं. शिवाय रास फार जोरात चालवलं तर पेशी उलट कायमची थांबते. १९९७ मध्ये मानवी आणि उंदराच्या पेशींवर हे दाखवलं गेलं, आणि त्या थांबण्यामागे पी-५३ आणि पी-१६ ही प्रथिनं असतात. म्हणून पॉलिपपासून कर्करोगापर्यंत साधारण दहा वर्षं जातात. तेवढ्यात उजवीच्या वंशातल्या कुणा पेशीत पी-५३ जातं, आणि मग अडवणारं फारसं कुणी उरत नाही.

उजवीला ईजीएफची गरज उरलेली नाही हे तपासायची सरळ रीत २०१५ मध्ये हान्स क्लेव्हर्स आणि तोशिरो सातो यांच्या गटांनी वापरली. माणसाच्या आतड्यातून वाढवलेल्या छोट्या गोळ्यांमध्ये, म्हणजे ऑर्गनॉइडमध्ये, त्यांनी जनुकं एकेक करून बदलली. मग खाद्यातून ईजीएफ काढून घेतलं आणि रिसेप्टर अडवणारं औषधही घातलं. निरोगी गोळे सुकले. केरास बदललेले वाढत राहिले.

रुग्णालयात हाच प्रयोग नकळत माणसांवर होत होता. सेटुक्सिमॅब हे औषध ईजीएफच्या रिसेप्टरवर बाहेरून बसतं आणि दार अडवतं. आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात काहींना त्याचा चांगला उपयोग होई, काहींना अंगावर पुरळ उठण्यापलीकडे काही नाही. २००६ ते २००८ च्या दरम्यान उलगडा झाला की ज्यांच्या गाठीत केरास बदललेलं आहे त्यांच्यात दार अडवून फायदा नाही, बिघाड दाराच्या आत आहे. आतड्याच्या कर्करोगात असे रुग्ण दहात सुमारे चार. आता हे औषध देण्याआधी रास तपासतात, आपल्याकडेही.

खुद्द रासला पकडणारं पहिलं औषध, सोटोरासिब, २०२१ मध्ये मंजूर झालं. पण ते फक्त बाराव्या जागी सिस्टीन आलं असेल तरच चिकटतं, कारण त्याला सिस्टीनचं गंधक लागतं. दुसरंही एक कारण आहे: सिस्टीनवालं रास गॅपविना का होईना, हळूहळू बंद होतं, आणि हे औषध बंद अवस्थेतल्या रासलाच धरतं. आपल्या उजव्या पेशीत ॲस्पार्टिक आम्ल आहे, गंधक नाही.

दहा-बारा वर्षांनी त्या पॉलिपच्या जागेवरचा तुकडा तपासायला जाईल. चार पानी रिपोर्टात तिसऱ्या पानावर एक ओळ असेल:

KRAS c.35G>A p.(Gly12Asp)

पस्तिसाव्या अक्षरात G च्या जागी A. त्याखाली, बहुधा ठळक अक्षरात, सेटुक्सिमॅब देऊ नये अशी शिफारस.